पेट्रोलला सव्वा लाख, बॅटरीला शून्य

शोरूममधून हातात पडणाऱ्या कोटेशनमध्ये गाडीच्या किमतीखाली ‘आरटीओ’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढचा आकडा पाहून गिऱ्हाईक एकदा डोळे मोठे करतं आणि सरकारी खर्च आहे, टळणार नाही असं म्हणून पुढे सरकतं. त्याच शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडीचं कोटेशन मागितलं तर ही ओळ जवळजवळ रिकामी निघते. फरक हजार-दोन हजारांचा नाही, लाखाच्या वरचा आहे. या एका ओळीत दोन वेगवेगळ्या सरकारांनी ठरवलेले पैसे एकत्र बांधलेले असतात, आणि ते सुटे केल्याशिवाय हा फरक कुठून येतो ते कळत नाही.

त्यातला मोठा वाटा राज्य सरकारचा. महाराष्ट्रात १९५८च्या मोटार वाहन कर कायद्याखाली तो घेतला जातो. खासगी मोटार आणि दुचाकीसाठी हा कर नोंदणीच्या वेळी एकदाच, एकरकमी भरायचा असतो. दुसरा, अगदी छोटा वाटा म्हणजे नोंदणीचं शुल्क. ते केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरवलेलं असल्यामुळे देशभर सारखंच आहे: दुचाकीला ३०० रुपये, खासगी मोटारीला ६००. लोक दोन्हीला मिळून ‘आरटीओचा खर्च’ म्हणतात. पण एक किमतीच्या टक्क्यांत मोजला जातो आणि दुसरं ठरावीक रकमेत, म्हणून गाडी महाग झाली की पहिला फुगतो आणि दुसरं जागचं हलत नाही.

महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीचे दर असे आहेत. किंमत दहा लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, दहा ते वीस लाखांमध्ये १२ टक्के आणि वीस लाखांच्या वर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. सीएनजीला कमी, पण तिथेही १ जुलै २०२५ पासून एकेक टक्का वाढला. पेट्रोलचे हे दर पूर्वी दोन टक्क्यांनी कमी होते. २०१७मध्ये जीएसटी आला, जकात आणि स्थानिक संस्था कराचं उत्पन्न गेलं, आणि ते भरून काढायला सरकारने वाहनकर चढवला.

आता एक गाडी घेऊन हिशोब करू. समजा पुण्यातल्या एका कुटुंबाने शोरूम किंमत ११ लाख असलेली छोटी पेट्रोल मोटार पसंत केली आणि ती कर्जावर घेतली. बारा टक्क्यांनी कर झाला १ लाख ३२ हजार. त्यावर नोंदणी शुल्क ६००, आरसीच्या स्मार्ट कार्डाचे २०० आणि बँकेचा बोजा आरसीवर चढवण्याचे १५००. म्हणजे सरकारी तिजोरीत १ लाख ३४ हजार ३०० रुपये, विम्याचे पैसे वेगळे.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयकरात जशी उत्पन्नाची पहिली पायरी कमी दराने आणि पुढची जास्त दराने मोजतात, तसं इथे नाही. किमतीने रेषा ओलांडली की अख्ख्या किमतीवर वरचा दर बसतो. ९ लाख ९९ हजारांच्या गाडीला ११ टक्क्यांनी १,०९,८९० रुपये लागतात, तर १० लाख १ हजाराच्या गाडीला १२ टक्क्यांनी १,२०,१२०. गाडी दोन हजारांनी महाग, कर सव्वादहा हजारांनी जास्त. मॉडेलची किंमत दहा लाखांच्या अगदी काठावर असेल, तर सनरूफवालं व्हेरिएंट घेताना शोरूमच्या किमतीतला फरक तेवढा पाहून भागत नाही.

त्याच कुटुंबाने साडेतेरा लाखांची इलेक्ट्रिक मोटार घेतली तर? वाहनकर शून्य. महाराष्ट्राचं इलेक्ट्रिक वाहन धोरण १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३० या काळासाठी आहे आणि त्यात ही माफी कायम ठेवली आहे. आधीच्या २०२१च्या धोरणातही ती होतीच. नोंदणी शुल्कही शून्य, पण ते केंद्राच्या कृपेने. २ ऑगस्ट २०२१च्या अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना आरसी देण्याचं, तिच्या नूतनीकरणाचं आणि नवा नंबर देण्याचं शुल्क माफ झालं. माफी एवढीच आहे. बँकेचा बोजा चढवण्याचे १५०० रुपये इलेक्ट्रिक गाडीलाही भरावे लागतात, आणि मनासारखा ‘चॉइस’ नंबर हवा असेल तर त्याची फी वेगळी. पण याच्या पुढे जाऊन कुणी इलेक्ट्रिक गाडीच्या कोटेशनमध्ये ‘आरटीओ व इतर’ म्हणून दहा-बारा हजार लावले, तर त्यातला ‘इतर’ काय आहे हे विचारायलाच हवं. सरकारी भरण्याची पावती ऑनलाइन निघते आणि तिच्यावर प्रत्येक रक्कम वेगळी छापलेली असते. ती मागून घ्यावी; देताना कां-कूं झाली तर उत्तर मिळालंच.

दोन्ही गाड्यांच्या शोरूम किमतीत अडीच लाखांचं अंतर होतं. कराने त्यातले १ लाख ३२ हजार भरून काढले, म्हणजे अर्ध्याहून जास्त अंतर गाडी रस्त्यावर येण्याआधीच मिटलं. दुचाकीतही हेच, फक्त आकडे लहान. ११० सीसीच्या, नव्वद हजार किमतीच्या पेट्रोल स्कूटरला ११ टक्क्यांनी ९,९०० रुपये कर लागतो, इलेक्ट्रिक स्कूटरला काहीच नाही.

स्कूटरचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. ‘हिला नोंदणीच लागत नाही, लायसन्सही नको’ असं सांगून काही इलेक्ट्रिक स्कूटर विकल्या जातात. ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॅटच्या आत ताकद असलेल्या हलक्या गाडीपुरतं ते खरं आहे, कारण नियमाच्या नजरेत ती मोटार वाहनच नसते. पण ती ताशी चाळीसने पळत असेल, तर तिला करमाफी मिळालेली नाही, ती सरळ बिननोंदणीची गाडी आहे. अपघात झाला की विमा आणि पोलीस दोन्हीकडून अडचण येते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र असतं, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने दिलेलं. त्यातला वेग आणि रस्त्यावरचा वेग जुळतो का, हे गाडी चालवून पाहताच कळतं.

माफीची ही मजा सगळ्यात वरच्या थरात जास्त खुलते. एक कोटीच्या पेट्रोल गाडीला १३ टक्क्यांनी तेरा लाख कर. कराची कमाल मर्यादा पूर्वी वीस लाख होती, जुलै २०२५ पासून ती तीस लाख केली, तीही मुख्यतः अशाच गाड्यांसाठी. एक कोटीच्या इलेक्ट्रिक गाडीला मात्र शून्य. हे सरकारलाही खटकलं असावं. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मते मूळ प्रस्ताव चुकीचा नव्हता. नव्वद हजारांच्या स्कूटरवाल्याला मिळणारी माफी आणि कोटभराच्या गाडीवाल्याला मिळणारी माफी एकाच कारणाने समर्थनीय ठरत नाही.

आता एकरकमी की वार्षिक, या मुद्द्याकडे येऊ. वर्षाला कर भरण्याची पद्धत महाराष्ट्रात संपलेली नाही. मोठे मालट्रक वजनाप्रमाणे आणि प्रवासी बस आसनांप्रमाणे अजून ठरावीक मुदतीचा कर भरतात. त्यामागचं कारण सोपं आहे: ट्रक हा कमाईचं साधन, तो रोज रस्ता झिजवतो, आणि त्याच्या मालकाला पंधरा वर्षांचा कर पहिल्याच दिवशी भरायला सांगितला तर ट्रक घेणंच मुश्कील होईल. घरच्या गाडीचं उलट आहे. लाखो दुचाकी आणि मोटारमालकांकडून दर वर्षी थोडे थोडे पैसे गोळा करत बसण्यापेक्षा एकदाच घेऊन मोकळं होणं सरकारला परवडतं, आणि मालकाचीही दर वर्षीची रांग टळते.

आपल्या ११ लाखांच्या गाडीचे १ लाख ३२ हजार पंधरा वर्षांवर पसरले तर वर्षाला ८,८०० रुपये पडतात. गाडी पंधरा वर्षं वापरणाऱ्याला हे जड नाही. पाच वर्षांनी ती विकली तर उरलेल्या दहा वर्षांच्या कराचा फायदा नव्या मालकाला जातो, कारण कर गाडीला लागलेला असतो, माणसाला नाही. तो फायदा विकणाऱ्याने किमतीत वसूल करायचा असतो. बाजारात तो वेगळा मोजला जात नाही. जुन्या गाडीच्या एकूण भावात मुरलेला असतो.

खरी अडचण गाडी राज्य सोडते तेव्हा येते. पुण्याचं ते कुटुंब चार वर्षांनी नोकरीसाठी बंगळुरूला गेलं असं धरू. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी पुण्याच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८. कर्ज चालू असेल तर त्याला बँकेची संमती हवी. मग कर्नाटकात गाडीच्या वयाप्रमाणे तिथला आजीवन कर भरायचा, आणि तिथले दर देशातल्या चढ्या दरांपैकी आहेत. नवी आरसी हातात आली की ती जोडून पुण्याला उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. क्रम असा असल्यामुळे काही काळ दोन्ही राज्यांकडे आपले पैसे अडकतात. परतावा मिळतो, पण मूळ कराची पावती, जुनी आरसी आणि ना हरकतीची प्रत यातलं एक जरी हरवलं तरी अर्ज लोंबकळतो. कितीतरी लोक कंटाळून तो नाद सोडून देतात.

इलेक्ट्रिक गाडीवाल्याचा प्रश्न वेगळा असतो. त्याला महाराष्ट्राने माफी दिली होती, ती कर्नाटकाला बांधील नाही. गाडीची किंमत पंचवीस लाखांच्या वर असेल तर कर्नाटक २०२४ पासून तिच्यावर दहा टक्के आजीवन कर घेतं. पुण्यात काही भरलेलंच नसल्यामुळे परत मागायलाही काही नसतं. महाराष्ट्रातली करमाफी ही गाडी महाराष्ट्रात राहील तोवरची आहे, हे महागडी इलेक्ट्रिक गाडी घेताना फिरत्या नोकरीच्या माणसाने आधी लक्षात घ्यायला हवं.

या फिरतीच्या लोकांसाठीच केंद्राने सप्टेंबर २०२१पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिकेचे नंबर सुरू केले. लष्करातले, सरकारी नोकरीतले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी ते घेऊ शकतात. राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी नाही. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. चौदा वर्षांनंतर तो वर्षाला आणि निम्म्या दराने येतो. म्हणजे घरच्या गाडीसाठी हप्त्याने कर भरण्याची सोय आपल्याकडे आज इथे आहे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये दंड, आणि तो मोठ्या शांतपणे साचत जातो. दोन वर्षांनी येणारी तारीख कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

बीएचमध्ये इलेक्ट्रिक गाडीला माफी नाही, फक्त सवलत आहे. तिथले दर दहा लाखांपर्यंत ८, वीस लाखांपर्यंत १० आणि त्यावर १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. शिवाय किंमत धरायची ती जीएसटी वगळून. आपल्याच दोन गाड्या या तागडीत घालून पाहा. ११ लाखांच्या छोट्या पेट्रोल मोटारीतून १८ टक्के जीएसटी काढला तर किंमत उरते सुमारे ९ लाख ३२ हजार, म्हणजे ती खालच्या पायरीवर आली आणि तिला ८ टक्के लागले. साडेतेरा लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीत जीएसटी फक्त पाच टक्के. तो काढून किंमत उरते सुमारे १२ लाख ८६ हजार, म्हणजे मधली पायरी, दहातून दोन वजा, पुन्हा ८ टक्केच. दर सारखा आणि किंमत जास्त, म्हणून दर दोन वर्षांचा हप्ता इलेक्ट्रिकचाच मोठा. साध्या ‘एमएच’ नंबरावर जिला एक रुपयाही लागला नसता, तिला बीएचवर पेट्रोलपेक्षा जास्त भरावे लागतात. नवऱ्याची बदली होईल न होईल, नंबर तर रुबाबदार दिसतो, म्हणून बीएच घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

एकरकमी आणि वार्षिक करात आणखी एक फरक आहे, तो ब्रिटनकडे पाहिल्यावर नीट दिसतो. तिथे प्रत्येक मोटारमालक वर्षाला वाहनकर भरतो. इलेक्ट्रिक गाड्यांना तो माफ होता. लंडन, स्लाव भागातल्या आपल्या लोकांनीही या हिशोबावर इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. १ एप्रिल २०२५ला माफी संपली. तेव्हा नव्या गाडीला पहिल्या वर्षी दहा पौंड आणि दुसऱ्या वर्षापासून १९५ पौंड लागू झाले, म्हणजे पेट्रोल गाडीइतकेच. आणि एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाड्याही त्याच १९५ पौंडांत आल्या. गाडी घेतली तेव्हा कर शून्य होता, या सबबीला तिथे अर्थ उरला नाही. दर वर्षी येणारा कर सरकार दर वर्षी बदलू शकतं. पेट्रोलवरच्या करातून मिळणारं उत्पन्न इलेक्ट्रिक गाड्यांमुळे घटतं, ते कुठून तरी भरून काढावं लागतं, आणि वार्षिक करात त्यासाठी हाताशी तयार दार असतं.

एकरकमी करात तसं नाही. नोंदणीच्या दिवशीचा दर हाच त्या गाडीचा दर. मार्च २०२५चा तो सहा टक्क्यांचा प्रस्ताव टिकला असता तरी तो पुढे नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांवर बसला असता, आधीच रस्त्यावर असलेल्यांवर नाही. २०३०नंतर धोरणात काहीही आलं तरी त्याआधी नोंदलेल्या गाडीच्या कागदावर शून्याचीच नोंद राहील. पेट्रोलवाल्याला हाच नियम उलटा लागतो. पुढे दर उतरले तरी त्याने भरलेले सव्वा लाख परत येत नाहीत.

पंधरा वर्षांनी मात्र दोघांनाही आरटीओची पायरी चढावी लागते. खासगी गाडीची नोंदणी तेवढ्याच मुदतीची असते. पेट्रोल मोटारीच्या नूतनीकरणाला २०२२पासून ६०० ऐवजी ५,००० रुपये लागतात आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेप्रमाणे १०,०००. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला पाच वर्षांसाठी ३,००० रुपये. मुदत टळून गेली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये विलंबशुल्क. इलेक्ट्रिक गाडीला नूतनीकरणाचं शुल्क माफ आहे, पण गाडी तपासणीला न्यावीच लागते. तेव्हा पंधरा वर्षांची बॅटरी किती जीव धरून असेल, हा त्या मालकाचा मोठा प्रश्न असेल. आज आपल्याकडे धावणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना तिथवर पोचायला वेळ आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर किंवा mParivahan ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कराच्या मुदतीचा रकाना दिसतो. तिथे LTT लिहिलेलं असेल तर आजीवन कर भरलेला आहे. तारीख दिसत असेल तर गाडी बहुधा बीएच मालिकेची किंवा व्यावसायिक आहे. ती तारीख उलटून गेली असेल तर राहिलेला कर आणि दंड कोण भरणार, हे पैसे मोजण्याआधी ठरवून घ्या. नंबर बीएचचा असेल आणि तुम्ही त्या मालिकेत बसत नसाल, तर गाडी नावावर करताना तुम्हाला राज्याचा नंबर आणि राज्याचा कर घ्यावा लागेल. तो कर किती बसेल ते आरटीओत विचारून मगच भाव करा.